पावणेचार ब्रासची गाडी, सहा ब्रासचा भाव

पुण्याजवळच्या एका क्रशरवर पहाटे पाचला मी माझ्या मावसभावाच्या टिपरमध्ये बसलो होतो. दहा चाकी गाडी, पाठीमागे खडीचा ढीग, शेजारी लोडर. लोडरची पहिली बकेट हौद्यात पडली तसा गाडीला एक हिसका बसला. दुसऱ्या बकेटीला पाटे जरा दबले. मी मोजत होतो. सहाव्या बकेटीला खडी हौद्याच्या निम्म्याहून बरीच वर आली आणि मला वाटलं, झालं. लोडरवाला थांबला नाही. नऊ बकेटी टाकल्या, वरचा ढीग बकेटीच्या तळाने थापटला आणि हॉर्न दिला. एका बकेटीत साधारण तीन टन खडी येते. म्हणजे हौद्यात सत्तावीस टन होती.

भावाने आरसी माझ्या हातात दिली. त्यावर गाडीचं मालासकट वजन लिहिलं होतं २८,००० किलो. रिकामी गाडी अकरा टनांची. तेव्हा कायद्याने तिच्यात सतरा टन माल बसतो, पावणेसहा बकेटी. "मग नऊ का घेतोस?" मी विचारलं. तो म्हणाला, "दादा, भाडं ब्रासवर आहे. सहा ब्रास नाही नेले तर उद्या मला कोण बोलावेल?"

या एका उत्तरात ओव्हरलोडिंगचं मूळ आहे, म्हणून ते नीट उलगडून पाहू.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. हे माप आकारमानाचं आहे. वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. कोरडी खडी एका ब्रासला साधारण साडेचार टन भरते. तीच जर दगड दळून केलेली वाळू असेल आणि तिच्यावर पाणी मारलेलं असेल, तर एक ब्रास पाच टनांच्या आसपास जातो. हौदा तेवढाच, ढीगही तेवढाच, पण गाडीवरचं ओझं तीन टनांनी वाढलेलं. बाजार ब्रासने बोलतो आणि कायदा किलोने बोलतो. मधे चालक बसलेला असतो. साडेचार टनांच्या हिशेबाने सतरा टन म्हणजे पावणेचार ब्रास. गाडी पावणेचार ब्रासची आहे आणि तिला भाडं सहा ब्रासचं धरून मिळतं.

आता २८ टन हा आकडा कुठून आला ते पाहू. तो गाडीच्या ताकदीवरून येत नाही. एका अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आडव्या दांड्यावर, किती ओझं चालेल यावरून तो ठरतो. दहा चाकी गाडीला पुढे दोन टायरचा एक अॅक्सल असतो आणि मागे चार-चार टायरचे दोन अॅक्सल जवळजवळ असतात. या मागच्या जोडीला टँडेम म्हणतात. पूर्वी पुढे सहा टन आणि टँडेमवर एकोणीस टन अशी मर्यादा होती, म्हणून ही गाडी २५ टनांची मानली जायची. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पुढची मर्यादा सात आणि टँडेमची एकवीस टन केली. दोन्ही मिळून २८. सहा चाकी गाडीच्या मागच्या एकट्या अॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. पण रस्त्यावर तपासणी होते तेव्हा प्रत्येक गाडीला तिच्या स्वतःच्या आरसीवरचा आकडा लागू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये तेच लिहिलं आहे.

अॅक्सलवरचं वजन पाहण्यासाठी काही वेगळं यंत्र लागत नाही. त्या दिवशी आम्ही वाटेतल्या वजनकाट्यावर थांबलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, आकडा लिहून घेतला. मग पूर्ण गाडी वर घेतली. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मागच्या टँडेमचं ओझं मिळतं. पुढे साडेआठ टन भरले, एकूण अडतीस. म्हणजे मागे साडेएकोणतीस. जिथे एकवीसची परवानगी आहे तिथे. हे तीन आकडे काट्याच्या पावतीमागे पेनाने लिहायला दोन मिनिटं लागली. भावाने चार वर्षं गाडी चालवली होती आणि हे वजन त्याने पहिल्यांदाच पाहिलं. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही माल जर मागे सरकवून भरला असेल, तर पुढचा अॅक्सल हलका आणि टँडेम जड होतो. टिपरमध्ये हे सर्रास घडतं, कारण लोडर बाजूने येतो आणि ढीग जिथे सोयीचा तिथे पडतो.

साडेएकोणतीस टन आठ टायरांवर वाटले तर एका टायरवर जवळजवळ ३.७ टन येतात. या गाड्यांना बहुतेक १०.०० आर २० मापाचा रेडियल टायर असतो. जोडीत बसवलेल्या अशा टायरची नेहमीची क्षमता २,७२५ किलो, तीही हवा सुमारे १२० पीएसआय असेल तेव्हाची. एकवीस टनांच्या मर्यादेत प्रत्येकावर २,६२५ किलो येतात, म्हणजे शंभर किलोची जागा उरते. भावाच्या गाडीत ती जागा संपून वर आणखी जवळजवळ टनभर ओझं होतं.

टायर घासून संपतो असं आपण समजतो. ओव्हरलोड गाडीत तो घासण्याआधी उष्णतेने संपतो. या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे एका किलोमीटरला तो तीनशे फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात खाली आलेला भाग चेपतो, बाजूची भिंत बाहेर फुगते आणि वर गेल्यावर पुन्हा सरळ होते. वायर पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसंच इथे होतं. ओझं जास्त तर चेपणं जास्त आणि उष्णताही जास्त. रबर उष्णता सहज सोडत नाही. ती सगळ्यात जास्त साठते ती टायरच्या खांद्यात, जिथे आतले पोलादी पट्टे संपतात. तिथलं रबर तारेपासून हळूहळू सुटतं. बाहेरून नक्षी अजून चांगली दिसते, आत पट्टा मोकळा झालेला असतो. एक दिवस महामार्गावर रबराची लांब पट्टी पडलेली दिसते, ती याची.

चालक यावर एक उपाय करतात आणि तो रोगाहून वाईट आहे. टायर बसू नये म्हणून हवा १४०–१५० पर्यंत भरतात. टायर उभा राहतो, पण आता तो रस्त्याला फक्त मधोमध टेकतो, मधली नक्षी आधी उडते आणि खड्ड्याच्या कडेवर आपटला की आतली तार तुटते. आणखी एक नेहमीची गोष्ट जोडीच्या टायरांची. दोनपैकी आतल्याची हवा कमी झाली तर बाहेरून कळत नाही, आणि तो आपलं ओझं शेजाऱ्यावर टाकतो. आधीच ३.७ टन उचलणाऱ्या टायरवर ते येतं. म्हणून जुने चालक थांबल्यावर प्रत्येक टायरला हात लावून पाहतात. ही सवय फार मोलाची आहे. एकच टायर बाकीच्यांहून गरम लागला तर त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची हवा गेलेली असते. खांद्याला बारीक भेगा, बाजूच्या भिंतीवर फुगवटा, जोडीच्या दोन टायरांच्या समोरासमोरच्या बाजूंवर घासल्याचे डाग, ही जास्त ओझ्याची चिन्हं आहेत. शेवटच्या चिन्हाचा अर्थ असा की दोन्ही टायर इतके फुगतात की एकमेकांना लागतात.

टायरचा खरा तोटा मात्र पंक्चरवाल्याकडे कळत नाही, तो रिमोल्डवाल्याकडे कळतो. चांगला रेडियल टायर घासला की त्याच्या केसिंगवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, नवं रबर चढवून तो पुन्हा चालवतात. नव्या टायरच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यात दुसरं आयुष्य मिळतं. उष्णतेने पट्टे सुटलेलं केसिंग रिमोल्डवाला हातोडीने ठोकून पाहतो, आवाज बद्द येतो आणि तो टायर बाजूला टाकतो. भावाच्या अंगणात असे सात टायर पडले होते.

आता हिशेब. मी पुढे जे रुपये मांडतो ते त्याच्या वहीवरून, गोळाबेरीज करून घेतलेले आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील. साइट चाळीस किलोमीटरवर, जाऊन-येऊन ऐंशी. दिवसाला दोन खेपा, महिन्याला पन्नास. बँकेचा हप्ता, विमा, कर मिळून महिन्याला एक लाख दहा हजार, म्हणजे खेपेला २,२०० रुपये. गाडी भरा किंवा न भरा, हे जाणारच. चालकाचे खेपेला ५००.

सतरा टन भरले तर डिझेल १,८४५ रुपयांचं, देखभाल ४०० धरू. मागच्या आठ टायरांचं असं आहे. नवा टायर २४,००० चा, ५०,००० किलोमीटर चालला, मग ६,५०० मध्ये रिमोल्ड करून आणखी ३०,००० किलोमीटर. खेपेला आठ टायरांचे मिळून सुमारे २४५ रुपये पडतात. बेरीज ५,१९०. सतरा टनांनी भागलं की टनाला ३०५ रुपये.

सत्तावीस टन भरले तर डिझेल २,२२० ला जातं. देखभाल ९००, कारण पाटे तुटतात, ब्रेक लायनर आणि क्लच लवकर संपतात. टायर ३०,००० किलोमीटरला जातो आणि रिमोल्ड होत नाही, म्हणून खेपेला ५१० रुपये, दुपटीहून जास्त. बेरीज ६,३३०. पण भागायचं सत्तावीसने. टनाला २३४ रुपये.

हा आकडा पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. टायर दुपटीने खर्ची पडले, डिझेल वाढलं, पाटे तुटले, तरी टनामागे एकाहत्तर रुपये वाचतात. खेपेला एकोणीसशे. "ओव्हरलोड शेवटी महागच पडतं" असं जे सांगितलं जातं, ते दंड सोडून पाहिलं तर या गाडीच्या बाबतीत खरं नाही. हप्ता आणि चालकाचा पगार जास्त टनांत वाटला जातो, आणि ती बचत टायरच्या तोट्याहून मोठी आहे. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

पुढचं म्हणजे दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ म्हणतं, जादा वजन सापडलं की २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च. गाडी वजनाला उभी करायला नकार दिला तर ४०,०००. राज्यं जागेवरच्या तडजोडीसाठी वेगळी रक्कम ठरवू शकतात, पण कायद्यातली रक्कम ही आहे. भावाची गाडी दहा टनांनी जास्त होती, म्हणजे ४०,००० रुपये. दुरुस्तीपूर्वी मूळ दंड २,००० आणि टनाला १,००० होता, तेव्हा हेच बारा हजारांत भागलं असतं. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. पूर्वी काही राज्यांत पैसे भरून, पावती दाखवून तेच ओझं पुढे नेता येई. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद करायला सांगितलं. दंड भरणं म्हणजे जादा माल नेण्याचा परवाना नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. माल उतरवायचा म्हणजे दुसरी गाडी बोलवायची आणि दिवस घालवायचा.

खेपेला एकोणीसशे वाचतात आणि दंड चाळीस हजार. एकवीस खेपांत एकदा पकडलं गेलं की बरोबरी. एकवीस खेपा म्हणजे दहा-अकरा दिवस. दर दहा दिवसांनी एकदा वजन होईल अशी भीती ज्या रस्त्यावर नाही, तिथे कागदावरचा दंड कितीही मोठा असला तरी गाड्या भरूनच चालणार.

पण ही बरोबरी एका गोष्टीवर उभी आहे, की वाचलेले एकोणीसशे रुपये भावाच्या खिशात राहतात. ते राहत नाहीत, आणि मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचं आहे. क्रशरवर उभ्या असलेल्या पंचवीसही गाड्या नऊ बकेटीच भरतात. सगळ्यांचा खर्च टनाला २३४ पडतो, म्हणून भाव त्याच्याच आसपास येऊन थांबतो. त्याला सध्या ब्रासला ११२५ रुपये मिळतात, म्हणजे टनाला २५०. सत्तावीस टनांचे ६,७५०, खर्च ६,३३०, उरले ४२०. वाचलेल्या एकोणीसशेपैकी त्याच्याकडे येतात ते एवढेच, बाकीचे माल घेणाऱ्याला भाव उतरून मिळाले. आता चाळीस हजारांच्या एका दंडाला पंचाण्णव खेपा लागतात, जवळजवळ दोन महिने. आणि तो जर एकटाच कायद्याने सतरा टन भरू लागला तर खेपेला ४,२५० मिळतील आणि ९४० रुपये खिशातून जातील. म्हणून तो म्हणाला, की उद्या मला कोण बोलावेल. बचत घेणारा एक, आणि दंड, टायर, उतारावर ब्रेक न लागण्याची भीती घेणारा दुसरा. अडतीस टनांची गाडी घाट उतरताना अठ्ठावीस टनांच्या ब्रेकना एक तृतीयांशाहून जास्त उष्णता पचवावी लागते. ब्रेक तेच असतात.

तिसरा एक भागीदार आहे, रस्ता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या ओझ्याचे ट्रक दिवसरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही रस्ते आखताना वापरतात. अॅक्सलवरचं ओझं जितक्या पट, रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घातात. एकवीसऐवजी साडेएकोणतीस म्हणजे ओझं १.४ पट, झीज जवळजवळ चौपट. कुणी म्हणेल, पण खेपा कमी होतात ना? होतात. तेवढाच माल कायद्याने न्यायला दीडपटीहून थोड्या जास्त खेपा लागतील. ते वजा करूनही प्रत्येक टन खडीमागे रस्ता सुमारे अडीचपट झिजतो. त्याच नियमाने २०१८ मध्ये सहा चाकी गाडीच्या मागच्या अॅक्सलला मिळालेली वाढ, १०.२ वरून ११.५, हीसुद्धा पूर्ण भरलेल्या अॅक्सलमागे झीज साठ टक्क्यांनी वाढवते. वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून केलेल्या त्या निर्णयाची किंमत जुन्या जाडीच्या रस्त्यांनी दिली आहे, असं मला वाटतं.

मग खडी कायद्याने आली तर घर किती महाग होईल? टनाला ३०५ म्हणजे ब्रासला १,३७० च्या आसपास. आजच्या भावापेक्षा अडीचशे रुपये जास्त. हजार चौरस फुटांच्या, पाच इंची स्लॅबला खडी आणि वाळू मिळून पाच-सव्वापाच ब्रास लागतात. फरक तेराशे रुपयांचा. एका आख्ख्या स्लॅबला. तेराशे रुपयांसाठी ही सगळी साखळी चालली आहे, हे कळल्यावर मला वाईट वाटलं.

भावाने त्यानंतर एक केलं. एका लहान बांधकामवाल्याशी त्याने ब्रासऐवजी टनावर भाडं ठरवलं, दोन्ही टोकांना काट्याची पावती लावून. त्या माणसालाही ते पटलं, कारण ब्रासच्या मापात ढीग कमी-जास्त झाला की फसगत त्याचीच होत असे. टनावर त्याला मिळेल तेवढाच माल मोजून मिळतो. दर ३०० ठरला, म्हणजे त्याच्या खर्चापेक्षा अजून थोडा कमीच, पण काट्यावर रांग नसल्याने आणि पकडले जाण्याची धास्ती नसल्याने दिवसाला कधी तिसरी खेप निघते आणि हप्ता तीन खेपांत वाटला जातो. उरलेली गिऱ्हाइकं ब्रासचीच आहेत. त्यांच्यासाठी अजून नऊ बकेटी भराव्या लागतात. ते त्याने माझ्यापासून लपवलं नाही.

परवा मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो तेव्हा टनाची खेप होती. पाच बकेटी पडल्या. सहावी लोडरवाल्याने उचलली तसा भाऊ खाली उतरून हात वर करून उभा राहिला. बकेट थोडी कमी करून घेतली, ती हौद्याच्या पुढच्या बाजूला, केबिनच्या पाठीशी टाकायला लावली. हौद्याची वरची फूटभर जागा रिकामी दिसत होती. लोडरवाल्याने काचेतून हाताने विचारलं, अजून? भावाने मान हलवली आणि फाळक्याची कडी लावली. काट्यावर आकडा आला २७,८४०.